जुना तोटा आणि बदलते भागधारक

आयकर कायद्यात धंद्यातला तोटा वाया जात नाही. एखाद्या वर्षी कंपनीला तोटा झाला आणि तिने विवरणपत्र मुदतीत भरलं, तर तो तोटा पुढची 8 वर्षं सांभाळून ठेवता येतो आणि त्या काळात होणाऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. स्टार्टअप कंपन्यांना या सोयीची गरज इतरांपेक्षा अधिक असते, कारण त्यांची पहिली चार-पाच वर्षं पगार, जाहिरात आणि सर्व्हरच्या खर्चात जातात आणि नफा दिसू लागतो तो त्यानंतर. पण नेमक्या याच वर्षांत त्या नवनव्या गुंतवणूकदारांकडून पैसा घेत असतात, आणि दर फेरीला भागधारकांची यादी बदलते. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 79 या बदलाकडे बोट दाखवून जुना तोटा नाकारतं.

या कलमामागचा हेतू साधा आहे. मोठा तोटा साचलेली, कामकाज बंद पडलेली कंपनी स्वस्तात विकत घ्यायची, आपला नफ्याचा धंदा तिच्यात आणून ठेवायचा आणि दुसऱ्याच्या तोट्यावर आपला कर वाचवायचा, हा व्यवहार रोखण्यासाठी ते आलं. म्हणून शेअर बाजारात नोंदलेल्या आणि जनतेचा भरीव हिस्सा असलेल्या कंपन्यांना ते लागत नाही. खासगी मर्यादित कंपन्यांना लागतं, आणि जवळपास सगळे स्टार्टअप याच गटात येतात. भागीदारी संस्था आणि एलएलपी यांना हे कलम लागू नाही.

मूळ कसोटी 51 टक्क्यांची आहे. ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षाच्या 31 मार्चला ज्यांच्याकडे किमान 51 टक्के मतदान हक्काचे शेअर होते, त्याच मंडळींकडे नफ्यातून तोटा वजा करण्याच्या वर्षाच्या 31 मार्चलाही किमान 51 टक्के हवेत. इथे माणसं एकेकटी मोजली जात नाहीत, गट मोजला जातो. गटातल्या एकाने दुसऱ्याला शेअर विकले तरी बेरीज तीच राहते. वर्षाच्या मधल्या घडामोडींकडेही कलम पाहत नाही, दोन तारखांच्या याद्या समोरासमोर ठेवतं. प्रत्येक वर्षाचा तोटा स्वतंत्रपणे तपासला जातो, त्यामुळे एकाच कंपनीचा एका वर्षाचा तोटा वाचतो आणि दुसऱ्या वर्षाचा बुडतो असं सर्रास होतं.

स्टार्टअपची अडचण अशी की तिथे कुणी काही न विकताही ही कसोटी मोडते. नवा फंड आला की कंपनी त्याला नवे शेअर देते. जुन्यांचे शेअर जागच्या जागी राहतात, फक्त एकूण संख्या वाढल्यामुळे त्यांची टक्केवारी खाली येते. कंपनी विकलेली नाही, तोटा कुणी विकत घेतलेला नाही, धंदाही तोच आहे, तरी कलम लागतं. ही तक्रार रास्त होती. म्हणून 2017 च्या वित्त कायद्याने पात्र स्टार्टअपसाठी वेगळी कसोटी आणली आणि 2019 मध्ये दोन्हींपैकी कुठलीही एक पार केली तरी चालेल असं ठरलं.

ही दुसरी कसोटी टक्केवारी विचारत नाही. तोट्याच्या वर्षाच्या अखेरीस मतदान हक्काचे शेअर असलेल्या सगळ्या भागधारकांनी आपले ते शेअर वजावटीच्या वर्षाच्या अखेरीसही जवळ ठेवलेले असावेत, एवढंच ती म्हणते. मग नवे कितीही भागधारक येवोत आणि जुन्यांचा हिस्सा 10 टक्क्यांवर उतरो. सोबत आणखी एक अट आहे: तोटा कंपनी स्थापन झालेल्या वर्षापासूनच्या पहिल्या 10 वर्षांतला हवा. आधी ही मर्यादा 7 वर्षांची होती, 2023 च्या वित्त कायद्याने ती वाढवली.

दोन्ही कसोट्या एका काल्पनिक कंपनीवर लावून पाहिल्या की फरक कळतो. समजा, पुण्यातल्या दोघांनी मे 2020 मध्ये एक सॉफ्टवेअर कंपनी काढली. दोघांचे मिळून 1,00,000 शेअर. त्याच वर्षी काही एंजल गुंतवणूकदारांना 10,000 शेअर दिले. 2021-22 मध्ये पहिला व्हेंचर फंड आला आणि त्याने 90,000 नवे शेअर घेतले, एकूण झाले 2,00,000. मार्च 2024 मध्ये दुसऱ्या फंडाने 20 कोटी रुपये घालून आणखी 2,00,000 शेअर घेतले. आता एकूण 4,00,000 शेअर, त्यात दुसऱ्या फंडाचा वाटा निम्मा. सगळ्या शेअरना सारखा मतदान हक्क आहे असं धरू.

या काळात धंद्याचा तोटा असा झाला: 2020-21 मध्ये 1 कोटी, 2021-22 मध्ये 3 कोटी, 2022-23 मध्ये 4 कोटी आणि 2023-24 मध्ये 2 कोटी. एकूण 10 कोटी. याशिवाय वजा न झालेला घसारा 60 लाखांचा. 2024-25 मध्ये कंपनीला पहिल्यांदा 5 कोटींचा करपात्र नफा झाला. कंपनीने 22 टक्के दराची सवलतीची करपद्धत घेतली आहे. अधिभार आणि उपकर धरून हा दर 25.168 टक्के पडतो.

आधी 51 टक्क्यांची कसोटी. 2020-21 च्या अखेरीस भागधारक होते संस्थापक आणि एंजल. 31 मार्च 2025 ला त्यांच्याकडे 4,00,000 पैकी 1,10,000 शेअर, म्हणजे 27.5 टक्के. 1 कोटीचा तोटा गेला. 2021-22 आणि 2022-23 च्या अखेरीस संस्थापक, एंजल आणि पहिला फंड असा गट होता. त्यांच्याकडे आता 2,00,000 शेअर आहेत, बरोबर 50 टक्के. कायद्याला 51 हवेत. हे 7 कोटीही गेले. 2023-24 च्या अखेरीस दुसरा फंडही यादीत होता, म्हणून त्या वर्षाचा गट आजही शंभर टक्के आहे आणि त्याचे 2 कोटी वाचतात.

म्हणजे 5 कोटींच्या नफ्यातून 2 कोटी वजा, उरले 3 कोटी. त्यातून 60 लाखांचा घसारा वजा, उरले 2 कोटी 40 लाख. त्यावरचा कर सुमारे 60 लाख 40 हजार. घसारा इथे वाचला, कारण कलम 79 तोट्याबद्दल बोलतं आणि वजा न झालेला घसारा कलम 32 खाली वेगळा चालतो. त्याला 8 वर्षांची मुदत नाही आणि भागधारकांच्या बदलाची बाधाही नाही. कारखाना असलेल्या कंपनीला हा मोठा आधार असतो. सॉफ्टवेअर कंपनीकडे लॅपटॉप आणि फर्निचर सोडून घसारा धरण्यासारखं फारसं नसतं. तिचा तोटा पगारात असतो, त्यामुळे तिला याचा दिलासा थोडाच.

आता हीच कंपनी पात्र स्टार्टअप आहे आणि कुणीही आपला एकही शेअर विकलेला नाही असं धरू. मग दुसरी कसोटी लागते आणि चारही वर्षांचा तोटा शाबूत राहतो. सर्वांत जुना तोटा आधी वापरायचा, म्हणून 2020-21 चा 1 कोटी, 2021-22 चे 3 कोटी आणि 2022-23 मधला 1 कोटी असे 5 कोटी वजा होतात. त्या वर्षाचा कर शून्य. पुढच्या वर्षांसाठी 5 कोटींचा तोटा आणि 60 लाखांचा घसारा शिल्लक.

इथवर कायदा उदार वाटतो. पण दुसऱ्या कसोटीत सगळा भार एका शब्दावर आहे: सगळे. समजा, मार्च 2025 मध्ये एका एंजलला पैशांची गरज पडली आणि त्याने आपले 2,000 शेअर प्रत्येकी 1,000 रुपयांना दुसऱ्या फंडाला विकले. व्यवहार 20 लाखांचा, कंपनीच्या एकूण शेअरपैकी अर्धा टक्का. हा गुंतवणूकदार 2021 पासून प्रत्येक 31 मार्चला यादीत होता. त्यामुळे चारही वर्षांच्या तोट्यासाठी 'सगळ्यांनी शेअर ठेवले' ही अट एकदम मोडली. आता पुन्हा 51 टक्क्यांच्या कसोटीकडे जावं लागतं. 2023-24 चे 2 कोटी तिथे वाचतात, कारण विकणारा आणि घेणारा दोघंही त्या वर्षाच्या यादीत होते. उरलेले 8 कोटी बुडतात. 25.168 टक्के दराने त्यांची करातली किंमत 2 कोटी 1 लाखाच्या वर आहे. 20 लाखांच्या विक्रीने कंपनीचं 2 कोटींचं नुकसान केलं, आणि विकणाऱ्याला त्याची कल्पनाही नसेल.

हीच विक्री एप्रिल 2025 मध्ये झाली असती तर 31 मार्च 2025 ची यादी अभंग राहिली असती आणि 2024-25 चा कर शून्यच राहिला असता. फटका पुढच्या वर्षी बसला असता, तोही 2022-23 च्या उरलेल्या 3 कोटींपुरता, म्हणजे साधारण 75 लाख 50 हजारांच्या कराचा. तोटा जितका वापरून संपलेला, तितकी विक्री निर्धोक.

तारखेचा असाच खेळ फंड येतानाही होतो. वरच्या उदाहरणात दुसऱ्या फंडाला शेअर मार्च 2024 मध्ये मिळाले, म्हणून 2023-24 च्या पूर्ण वर्षाच्या तोट्यासाठी तो जुना भागधारक ठरला. कागदपत्रं लांबून शेअरवाटप 5 एप्रिलला झालं असतं, तर त्या वर्षाचा गटही 50 टक्क्यांवर अडकला असता आणि प्रमाणपत्र नसलेल्या कंपनीचे ते 2 कोटीसुद्धा गेले असते. उलट, फंडाने 2,00,000 ऐवजी 1,90,000 शेअर घेतले असते तर जुना गट 51.28 टक्क्यांवर राहिला असता आणि मधल्या दोन वर्षांचे 7 कोटी कुठल्याही प्रमाणपत्राविना वाचले असते. वाटाघाटीत कंपनीच्या मूल्यांकनावर आठवडेच्या आठवडे घासाघीस होते. या 10,000 शेअरचा हिशेब त्या टेबलावर क्वचितच मांडला जातो.

पात्र स्टार्टअप कुणाला म्हणायचं, याबाबत मोठा गैरसमज आहे. केंद्र सरकारच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची मान्यता मिळाली की काम झालं असं अनेक संस्थापक समजतात. कलम 79 मधली सवलत मात्र कलम 80-आयएसी मधल्या पात्र स्टार्टअपला आहे, आणि त्यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं. त्याच कलमात स्थापना 1 एप्रिल 2016 किंवा त्यानंतरची असण्याची आणि उलाढाल 100 कोटींच्या आत असण्याची अट आहे. देशात डीपीआयआयटीची मान्यता असलेल्या कंपन्या दीड लाखाहून अधिक आहेत. मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या काही हजारच. म्हणजे बहुसंख्य स्टार्टअप कंपन्यांना 51 टक्क्यांची जुनी कसोटीच लागू आहे. पुष्कळ जण हे प्रमाणपत्र मागतच नाहीत, कारण 80-आयएसीची मुख्य सवलत नफ्यावरच्या करमाफीची आहे आणि तोट्यातल्या कंपनीला ती निरुपयोगी वाटते. 22 टक्क्यांची पद्धत घेतली तर ती करमाफी मिळतही नाही. तरीही तोटा वाचवण्यासाठी हाच कागद लागतो.

दुसऱ्या कसोटीत 'ते शेअर' असा शब्दप्रयोग आहे, म्हणून संस्थापकाने मोठ्या फेरीच्या वेळी आपल्या हिश्शातले थोडे शेअर विकून घर घेतलं तरी अट मोडते. कर्मचाऱ्यांच्या ईसॉपचंही तसंच. नुसता पर्याय दिलेला असेल तर प्रश्न नाही. पण कर्मचाऱ्याने पर्याय वापरून शेअर घेतले, एक 31 मार्च ओलांडला आणि मग नोकरी सोडताना ते परत विकले, तर ज्या वर्षांच्या अखेरीस तो भागधारक होता त्या वर्षांचा तोटा धोक्यात येतो. अनेक कंपन्या ईसॉपचे शेअर एका ट्रस्टमध्ये ठेवतात, छोट्या एंजलना एका फंडातून आणतात आणि भागधारक करारात शेअर विकण्याआधी कंपनीची संमती मागतात. भागधारकांची यादी जितकी लहान, तितकी कुणी निघून जाण्याची शक्यता कमी.

व्हेंचर फंड बहुधा साधे शेअर न घेता सक्तीने रूपांतर होणारे प्राधान्य शेअर घेतात. कलम 79 मतदान हक्क मोजतं, आणि या शेअरना तो आहे की नाही हे कंपनीच्या नियमावलीत काय लिहिलं आहे यावर अवलंबून असतं. हक्क नसेल तर फंड आल्याने 51 टक्क्यांना धक्का लागत नाही, पण पुढे त्यांचं साध्या शेअरमध्ये रूपांतर होईल त्या वर्षी टक्केवारी एकदम पालटते. हिशेब करणाऱ्या सीएने म्हणूनच भागधारकांचा तक्ता पाहण्याआधी नियमावली वाचलेली बरी.

काही बदल कायद्याने मुळातच वगळले आहेत. भागधारक मरण पावला आणि शेअर वारसांकडे गेले, किंवा त्याने नातेवाइकाला बक्षीस दिले, तर तोटा जात नाही. दिवाळखोरी संहितेखाली मंजूर झालेल्या आराखड्यातून भागधारक बदलले तरी नाही. विदेशी मूळ कंपनीचं दुसरीत विलीनीकरण झालं आणि तिचे 51 टक्के भागधारक नव्या कंपनीत कायम राहिले, तर भारतीय उपकंपनीचा तोटा टिकतो. पण समूहातल्या एका कंपनीकडून दुसरीकडे नुसते शेअर सरकवले तर काय, यावर न्यायालयांत दोन मतं आहेत. शेअर कागदोपत्री हलले तरी खरा ताबा त्याच समूहाकडे आहे, असं म्हणत कर्नाटक उच्च न्यायालयाने 2015 मध्ये ॲम्को पॉवर सिस्टिम्सचा तोटा मान्य केला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये यम रेस्टॉरंट्सच्या प्रकरणात, अंतिम मूळ कंपनी एकच असूनही, शेअरधारक कंपनी बदलली म्हणून तोटा नाकारला.

सिंगापूर किंवा अमेरिकेत मूळ कंपनी काढलेले स्टार्टअप भारतात परततात तेव्हा हाच प्रश्न मोठ्या आकड्यांत येतो. फोनपेने 2022 मध्ये आपलं मुख्यालय सिंगापुरातून भारतात आणलं. या स्थलांतरात कंपनीचा सुमारे 90 कोटी डॉलरचा साचलेला तोटा हातचा जाऊ शकतो, असं तिचे संस्थापक समीर निगम यांनी जानेवारी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं.

संपूर्ण कंपनी विकली जाते तेव्हा मात्र वादाला जागाच नसते. एखाद्या मोठ्या उद्योगाने स्टार्टअपचे शंभर टक्के शेअर घेतले की दोन्ही कसोट्या मोडतात, आणि पुढच्या नफ्यासमोर उभा राहतो तो फक्त घसारा. 'एवढा तोटा आहे, म्हणून कंपनीची किंमत जास्त' असा दावा विक्रेता करतो, पण खासगी कंपनीच्या शेअरविक्रीत त्याला फारसा अर्थ नसतो. जाणता खरेदीदार तोट्याची किंमत शून्य धरतो.

चूक उघडी पडायला वेळ लागत नाही. लेखापरीक्षकाच्या 3सीडी अहवालात, भागधारणेतल्या बदलामुळे मागचा तोटा कलम 79 खाली नाकारला जातो का, हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. आयटीआर-6 विवरणपत्रात बाजारात न नोंदलेल्या कंपनीला भागधारकांचा तपशील द्यावा लागतो आणि त्याच विवरणपत्रात वर्षवार तोट्याचा तक्ता असतो. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की विसंगती दिसते. चुकीने वजा केलेला तोटा तपासणीत काढून टाकला गेला तर करासोबत व्याज आणि काही वेळा दंडही लागतो.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा 2025 च्या आयकर कायद्याने घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, दोन कसोट्यांची चौकट तीच आहे. ज्या कंपनीच्या वहीत जुना तोटा आहे, तिने स्थापनेपासूनच्या प्रत्येक 31 मार्चची भागधारकांची यादी, मतदान हक्कासह, एका कागदावर मांडून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक शेअर हस्तांतरावर सही होण्याआधी ती आपल्या सीएला दाखवावी.